उणे साडेसात तास

लढाईच्या काळात मी आमगावच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनावर पंपघरात मदतनीस होतो. मॅट्रिकला इंग्रजीत गचकलो होतो; गणित तेवढं बरं होतं. माझ्या वरचे पंपवाले म्हणजे काका. नात्याचे नव्हेत, पण सगळे त्यांना काकाच म्हणत. वीस वर्षं त्यांनी नाल्याकाठच्या त्या दोन वाफेच्या पंपांची सेवा केली होती. पंप नाल्याचं पाणी स्टेशनाजवळच्या उंच लोखंडी टाकीत चढवत. तिथून एक नळ जमिनीखालून, रुळांच्या भरावाखालून पलीकडे जाई आणि सोंडेसारख्या खांबातून इंजिनांना पाणी मिळे.

टाकीच्या अंगाला पंधरा खुणांची पट्टी होती आणि तिच्यावर टाकीतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या तरंडाला बांधलेला काटा सरके. एक खूण म्हणजे हजार गॅलन. मोठा पंप एकटा दहा तासांत टाकी भरी, धाकटा पंधरा तासांत, दोघं मिळून सहा तासांत. हे आम्हाला पाठ होतं.

आश्विनातली ती सकाळ. सात ते नऊ दोन्ही पंप चालू होते. एकाही इंजिनानं पाणी घेतलं नव्हतं. दोन तासांत काटा पाच खुणा चढायला हवा होता. तो एकच चढला.

स्टेशनमास्तर पंपघरात आले तेच चिडून. "छोटा पंप बैठ गया है. तेल-पानी करते नहीं, कोयला भर जलाते हो. आज रिपोर्ट जाएगी."

काकांचा चेहरा उतरला. मास्तर गेल्यावर ते हातातली चिंधी पिळत म्हणाले, "पंप तं बराबर चालून रायला बाबू. आवाज आयक ना. मंग पानी काऊन नाही चढत?"

त्यांची नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. त्यांच्यापाठोपाठ कदाचित माझीही. मी कोळशाचा तुकडा घेतला आणि भिंतीवर मांडणी केली. टाकीचा ताशी तिसावा हिस्सा भरत होता. मोठा पंप ताशी दहावा हिस्सा भरतो. धाकट्याला एकट्याला क्ष तास लागत असतील, तर

१/१० + १/क्ष = १/३०

१/क्ष आला उणे १/१५. क्ष उणे पंधरा.

शाळेत मास्तर सांगत, टाकी उणे तासांत भरत नाही, असं उत्तर खोडून टाका. मीही खोडलं आणि पुन्हा मांडलं. पुन्हा तेच आलं. मग मोठा पंप बिघडलाय असं धरलं: १/क्ष + १/१५ = १/३०. क्ष उणे तीस. धाकटा पंप अगदी बंद पडला असता, तरी मोठा एकटा ताशी दीड खूण चढवणारच होता. इथं अर्धीच चढत होती. एका पंपाच्या दुखण्यानं हे होणार नव्हतं. उणे म्हणजे पाणी उलट्या दिशेनं चाललं होतं.

"काका, दोन्ही पंप ठीक आहेत असं धरू," मी म्हणालो आणि तिसरा नळ मांडला, जो आम्हाला ठाऊक नव्हता.

१/१० + १/१५ + १/य = १/३०

दोन्ही बाजूंना तीस-यनं गुणलं. ३य + २य + ३० = य. ४य = −३०. य म्हणजे उणे साडेसात.

"म्हंजे काय?"

"म्हणजे कुठंतरी एक वाट आहे, जी भरलेली टाकी साडेसात तासांत रिकामी करते. तासाला दोन खुणा. दोन हजार गॅलन."

काका भिंतीवरच्या आकड्यांजवळ गेले. "दोन हजार गॅलन जाऊन रायलं कुठं? अन् दिसत काऊन नाही?"

दोन्ही पंप एकाच वेळी मंदावले असण्याची शंका उरत होती, म्हणून आम्ही दोन्ही थांबवले. पंपच दोषी असतील तर आता काटा जागेवर राहील. माझं गणित खरं असेल तर अर्ध्या तासात एक खूण उतरेल. मी टाकीखाली उभा राहिलो. एवढं पाणी न दिसता कुठं जात असेल या भीतीनं मनातून वाटत होतं, काटा हलू नये, माझं चुकावं. अर्ध्या तासात तो बरोबर एक खूण उतरला.

मग टाकीखालचा, सोंडेकडे जाणाऱ्या नळाचा व्हॉल्व काकांनी चावीनं आवळला. काटा थांबला. अर्धा तास उभे राहिलो. तो तसूभर हलला नाही.

म्हणजे गळती व्हॉल्वच्या पुढं. पुढं नळ होता तो रुळांच्या भरावाखाली. भरावाच्या पायथ्याशी धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं, पाण्यानं डबडबलेल्या. त्यात आणखी पाणी आलं तरी कोणाला कळणार? मी वाकून पाहिलं. बाकी सगळीकडे पाणी निवळ होतं, एका कोपऱ्यात मात्र लाल, गढूळ. ती भरावातली मुरूममाती होती.

आम्ही स्टेशनावर धावलो.

मास्तरांनी ऐकून घेतलं. "व्हॉल्व बंद कर दिया न? तो लीक भी बंद. गोंदियावाली पैसेंजर पिछले स्टेशन से छूट चुकी है. तुम्हारे हिसाब पर गाड़ी रोकूँ? जवाब कौन देगा?"

"साहेब," मी म्हणालो, "पाणी थांबलं, पण गेलेलं पाणी माती घेऊन गेलंय. खाली किती पोकळ झालंय ते आपल्याला माहीत नाही."

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. तेही भ्यालेले आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि त्यानं माझी भीती दुप्पट झाली.

काकांनी वाद घातला नाही. कोपऱ्यातली पहार उचलून ते चालू लागले. मागे मी, माझ्यामागे लाल झेंडा घेऊन मास्तर. नळ जिथं रुळांखालून जातो तिथं काकांनी दोन स्लीपरांमधली खडी सारली आणि पहार रोवली. हातभर ती अडखळत गेली. मग एकदम सुटली, आणि काका तोल जाऊन गुडघ्यांवर पडले. पहार खाली कुठंतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला.

दूर इंजिनाची शिटी ऐकू आली.

मास्तर धावत सुटले, धोतराचा सोगा हातात धरून, झेंडा हलवत, ओरडत. मीही धावलो, गमछा काढून फिरवत होतो. तो लाल नव्हता, पांढरा होता, हेही लक्षात आलं नाही. इंजिन वळणावर दिसलं, वाढत गेलं. ब्रेकांची किंकाळी उठली. थांबेल की नाही, हे कळायला जो वेळ लागला तो मी अजून विसरलेलो नाही. गाडी आमच्यापुढं पाच-सहा डब्यांच्या अंतरावर थांबली. खिडक्यांतून माणसं डोकावत होती. एक बाई लेकराला कडेवर घेऊन विचारत होती, "काय झालं जी? कायले थांबली?" मी रुळांकडे बोट दाखवलं.

रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या मुकादमानं खडी काढून पाहिलं. रुळांखाली बैलगाडी मावेल एवढी पोकळी झाली होती. वर रूळ आणि स्लीपर नुसते टांगलेले. गंजलेल्या नळाचा सांधा फाटला होता. दिवस कलेपर्यंत लाकडं रचून, दगड-माती भरून त्यांनी आधार दिला, आणि मग रिकामे डबे माणसाच्या चालीनं पलीकडे नेले. माणसं उतरून पायी गेली.

पंपांबद्दल रिपोर्ट गेला नाही. नळाबद्दल गेला. मास्तरांनी त्यात काकांचं नाव लिहिलं, माझंही लिहिलं. पुढं त्याचं काही झालं नाही.

संध्याकाळी काकांनी भाताचा डबा उघडला. माझ्या हाताचा कंप थांबत नव्हता, घास खाली सांडत होता. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं, आणि म्हणाले, "भेव मलेबी लागून रायलं बाबू. जेव."