डी ड्राइव्हमधलं गाऱ्हाणं

मालवणच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी फळ्यावर दिवसाची कामं लिहायची आणि एकेक खोडत जायचं, ही माझी पद्धत. त्या दिवशी खडू हातात असतानाच कसालहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"वयनी, माझ्या हातान घोळ झालो. विंडोज नवीन टाकी होतंय, तर डी ड्राइव्हच डिलीट झाली!"

"न्यू दाबलंस? फॉरमॅट? नेक्स्ट?"

"नाय गो, कायेक नाय. थयच थांबलंय."

"बरां केलंस. आता बटण दाबून मशीन बंद कर, वायर काढ. परत चालू करून बघूचा नाय. तशीच हयसर घेवन ये."

तो आला तेव्हा मोटारसायकलवर मागे त्याची आई होती आणि तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला सीपीयू. तो तिने टेबलावर ठेवला, पण हात काढला नाही.

गावच्या जत्रेत देवासमोर गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्या गावातर्फे मागणं मागायचा, मान त्यांच्या घराचा. वडिलांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. आता परवाच्या जत्रेत मुलाने उभं राहायचं होतं आणि वडिलांच्या एका रेकॉर्डिंगवरून तो रोज पाठ करत होता. ज्या मोबाईलवर ते केलं, तो केव्हाच बिघडून गेला होता. उरलं होतं ते फक्त या डिस्कवर.

"पण डी का निवडलंस?" मी स्क्रू काढत विचारलं.

चूक काळजीतून झाली होती. सी ड्राइव्ह गच्च भरून लाल झाली, मशीन रखडायला लागली. विंडोज नवीन टाकताना काही जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी त्याने डेस्कटॉपवरचं सगळं, रेकॉर्डिंगसकट, डीमध्ये हलवलं. त्यामुळे सी मोकळी झाली आणि डी भरली. डिस्कचे दोन्ही मोठे भाग सारखेच, नाव एकालाही दिलेलं नाही. इन्स्टॉलेशनच्या यादीत सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत. नुसते क्रमांक, आकार आणि मोकळी जागा. त्याच्या डोक्यात बसलेलं, भरलेली ती सी. भरलेली बघून त्याने उडवली.

"मगे आता किती टक्के चान्स?"

टक्के मी सांगत नाही. नुसतं डिलीट केलं की तो भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढी नोंद जाते. आतल्या फायली जागेवरच असतात. वर फॉरमॅट मारलं की काम अवघड. त्यावर विंडोज बसली की जेवढ्यावर लिहिलं गेलं तेवढं कायमचं गेलं. शिवाय ही जुनी फिरणारी डिस्क होती. एसएसडी असती तर मी इतकंही बोलले नसते. तिथे पुसलेलं बरेचदा लगेच साफ होतं.

"मोबायलार बघलंय, एक फुकट सॉफ्टवेअर आसा. ह्याच डिस्कवर टाकून..."

"ह्या डिस्कवर आता एक अक्षर पण लिवूचा नाय!"

डिस्क माझ्या मशीनला जोडली आणि आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायला लावली. शोधाशोध करायची ती नकलेवर, म्हणजे चुकलं तरी मूळ शाबूत. दुपार त्यातच गेली. स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकेना. मी दोन प्रिंटर उघडले, एकही धड जोडला नाही. तो दारात जाऊन परत येत होता.

"बस रे खंय तरी," आई म्हणाली. "माका चक्कर येता."

नक्कल पुरी झाल्यावर हरवलेले भाग शोधणारा प्रोग्राम तिच्यावर चालवला. सापडलेल्या पहिल्या भागात नुसती विंडोज. दुसऱ्यासाठी तो बराच वेळ चाचपडत राहिला. मग एक ओळ आली, आकार जुळणारा. तिच्या आत फोल्डर, फोल्डरच्या आत फायली, नावांसकट. पण नाव दिसलं म्हणजे फाईल धड असेलच असं नाही. ती तिसऱ्या डिस्कवर उतरवली आणि लावली.

"बा देवा म्हाराजा..." वडिलांचा खणखणीत आवाज आला. "ही सगळी लेकरां आज तुझ्या दारात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा," आई सवयीने म्हणाली. मुलगा पुढचं ओठांतल्या ओठांत म्हणू लागला. मी पेन ड्राइव्ह शोधायला खण उपसत होते.

गाऱ्हाणं संपलं. रेकॉर्डिंग अजून चालूच होतं. "झाला रे," तोच आवाज मुलावर खेकसला, "आता बंद कर ता मोबायल. आणि तुझ्या आयशीक सांग, चाय टाक म्हणान!"

मुलाने गाऱ्हाणं पुन्हा सुरुवातीपासून लावायला माऊसवर हात ठेवला. आईने तो धरला.

"थांब रे. ता शेवटचा लाव आधी."