दोन प्याद्यांचा लोभ

शिक्षकांच्या सांघिक बुद्धिबळाची शेवटची फेरी लातूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आम्ही नांदेडचे चौघं, समोर लातूरचे चौघं. गुणतक्त्यात आम्ही पुढे होतो, त्यामुळे ही लढत दोन-दोन अशी बरोबरीत सुटली तरी विजेतेपदाची ढाल आमची होती. पहिल्या पटावर आमचे कॅप्टन सर, दोन महिन्यांत निवृत्त होणारे. चौथ्यावर मी. सरांनी आत जाताना बजावलं होतं, "बाई, तुम्ही अर्धा गुण आणा. बाकीचं आम्ही बघून घेतो."

माझ्यासमोरच्या गुरुजींनी पाच चालींत तीन प्यादी माझ्यापुढे टाकली. मी तिन्ही खाल्ली, बदल्यात माझं एकच गेलं; म्हणजे दोन प्यादी मी वर. त्यांचे दोन्ही उंट आता माझ्या राजाच्या बाजूवर रोखलेले, आणि माझं एकही मोहरं घरातून हललेलं नव्हतं. गेल्या वर्षी याच गुरुजींशी, अशाच डावात मी ती प्यादी उराशी धरून बसले होते आणि अठराव्या चालीला मात झाली होती.

खरं तर तोड मला माहीत होती. वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सारायचं आणि मारू द्यायचं. वर्षभर घरी एकटीनं तेच घोटलं होतं. सरांना कधी दाखवलं नाही. मधल्या सुट्टीत आमच्याकडे कुणी प्यादं परत दिलं की सर हसून म्हणायचे, "भ्यालात व्हय?" आणि तो टोमणा मला झोंबतो. मी तापट आहे, माझ्याबद्दल सगळे सांगतात तेवढं खरं आहे.

तरीही हात उचलेना. मन म्हणत होतं, आधी वजिराकडचा घोडा काढ, मग बघू. पण तसं केलं तर ते प्यादं पुढे सारल्यावर त्यांचं प्यादं मारता मारता माझ्या घोड्यावरच चालून येणार, आणि मला पुन्हा पळावं लागणार. द्यायचं तर याच चालीला. एवढं कळायला मी पंचवीस मिनिटं घालवली. शेवटी प्यादं सारलं.

गुरुजींनी उंटानं ते मारलं. मी राजाकडचा घोडा त्यांच्या उंटावर काढला. ते बराच वेळ विचार करत बसले, मग त्याच उंटानं माझ्या राजाजवळचं प्यादं मारून शह दिला. मी राजानं उंट मारला. त्याबरोबर गुरुजींनी आपल्या वजिरानं माझा वजीर उचलला आणि स्वतःच्या कोपराजवळ आडवा ठेवला.

हेही मी घोटलेलं होतं. आता उंटानं शह दिला की उंट बाजूला झाल्यामुळे मागचा हत्ती त्यांच्या वजिरावर येतो. त्यांना वजीर मध्ये घालावाच लागतो, मी तो मारते, ते घोड्यानं माझा उंट मारतात. दोघांची पाच-पाच प्यादी, हल्ला संपला. पण मला भीती वाटली. कुठं घर चुकलं तर? मी पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. तेवढ्यात सर मागून येऊन उभे राहिले आणि निघून गेले. मी मान वर केली नाही. मग शह दिला. सगळं ठरल्यासारखं झालं.

पुढे तासभर खेळून गुरुजींनीच बरोबरी मागितली. मी हो म्हटलं. मधल्या दोन पटांपैकी आमचा एक जिंकला होता, एक हरला होता; सरांनीही बरोबरी केली की ढाल आमची. मी सरांकडे धावले.

ते बाहेर नळापाशी तोंड धूत होते. "हरलो मी, बाई," म्हणाले. "माझ्यासमोरच्यानं बरोबरी देऊ केली व्हती. आधी तुमचा पट बघावा म्हणून आलो, तर तुमचा वजीर गुरुजींच्या कोपरापाशी पडलेला. म्हटलं, आता अर्ध्यानं भागत न्हाई, मलाच जिंकावं लागतंय. ओढूनताणून खेळाया गेलो."

"सर, तो वजीर परत येणार होता. मी बरोबरी केली."

मला आधी त्यांचाच राग आला: नऊ वर्षं एकाच संघात खेळलो, एक मिनिट थांबता आलं नाही? मग तो राग उलटून माझ्यावरच आला. मी शह लगेच दिला असता तर त्यांना वेगळा पट दिसला असता.

"कधी शिकलात हे?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं."

"आन् मला दावलं न्हाई?"

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि ढाल लातूरला देताना टाळ्या वाजवायला आम्ही आत गेलो.