बोटांमधलं अंतर

"बोटं लांब करा," ते म्हणायचे. "एकाला दुसरं लागता कामा नये." आणि स्वतःच कँटीनच्या टेबलावर दोन्ही हात वर धरून बोटं इतकी ताणायचे की मधली कातडी पांढरी पडायची. समोरचा चहा गार व्हायचा. काही माणसं लांबून नुसत्या हातांवरून ओळखू येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. ते तसे होते.

ऑकलंडमधल्या आमच्या हॉस्पिटलात ते फार्मसिस्ट होते. मूळचे औरंगाबादचे, वडील युनानी हकीम. मी त्याच इमारतीत मॉनिटर आणि व्हेंटिलेटर दुरुस्त करायचो. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. दोघंही माउंट रॉस्किलला राहायचो, त्यामुळे बस एकच. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला इंजिनिअरसाहेब.

बोटांची भानगड मला बसमध्ये कळली. हजार वर्षांपूर्वी एक हकीम होता, तो तत्त्वज्ञही होता. त्याने रचलेली एक कल्पना चाचांना वडिलांकडून मिळाली होती.

"समजा, तुम्हाला आत्ता, या क्षणी बनवलं," ते म्हणाले. "लहानाचं मोठं होणं नाही. एकदम पूर्ण माणूस, हवेत अधांतरी. डोळ्यांवर पडदा. कानावर आवाज नाही. अंगाला हवासुद्धा लागत नाही. हातपाय पसरलेले, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. कालची आठवण नाही, कारण काल नव्हताच. बोला, काय माहीत आहे तुम्हाला?"

"काहीच नाही."

"बाद! नीट बघा."

दोन स्टॉप गेले. "मी आहे, एवढं माहीत आहे," मी म्हणालो.

"हात आहेत?"

"माहीत नाही."

"काळीज? मेंदू?"

"ते कसं कळणार?"

"मग जे पक्कं माहीत आहे ते, आणि जे माहीतच नाही ते, एकच कसं असेल?" त्यांनी माझ्या जॅकेटची बाही चिमटीत धरली. "हकीम म्हणतो, शरीर हे अशा कपड्यासारखं. फरक इतकाच की हा कधी काढलेला नसतो, म्हणून आपलाच भाग वाटतो."

मी खूश झालो. "म्हणजे आमचंच झालं की! देह बदलतो, आत्मा तोच."

"बाद, बाद! तुमचा आत्मा आधीपासून असतो, पुन्हा येतो. हकिमाचा या शरीराबरोबरच सुरू होतो, आणि एकदाच. शरीर त्याचं हत्यार. पण हत्यार मोडलं म्हणून कारागीर मोडत नाही. घाईने सगळं आपल्या घरात ओढू नका."

पुढच्या शनिवारी मी टॉग्ज, म्हणजे इथली पोहायची चड्डी, घालून पोहण्याच्या तलावात उताणा तरंगत होतो. डोळे मिटलेले, कान पाण्याखाली, बोटं ताणलेली. इंजिनिअर माणूस, प्रयोग करून बघितल्याशिवाय राहवेना. सोमवारी चाचांना सांगितलं तर ते इतके हसले की बसड्रायव्हरने आरशात पाहिलं.

"पाणी लागत होतं?"

"थोडं गार होतं."

"बाद! अरे बाबा, हा प्रयोग तलावात होत नाही. डोक्यातच करायचा असतो."

महिनाभर विचार करून मी एक आक्षेप काढला. "आपल्या कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला मी ओळखतो. रविवारी मैदानावर हेल्मेट घातलेला बॅट्समन कोण, ते मला माहीत नसतं. म्हणून ते दोघं वेगळे थोडेच होतात? तो डेअरीवालाच निघू शकतो. तसाच तुमचा 'मी' उद्या मेंदूच निघाला तर?"

मला वाटलं, ते रागावतील. त्यांनी माझा हातच हातात घेतला. "शाबास! हा आक्षेप मोठमोठ्यांनी घेतलाय. म्हणून तर हकीम याला सिद्धता म्हणत नाही, इशारा म्हणतो. विसरलेल्या माणसाला आठवण करून देणं. सिद्धता त्याने पुढे वेगळी मांडली."

"आणि झोपेत? झोपेत तर मी नसतोच."

"सकाळी आठवत नाही म्हणून? असणं वेगळं, आणि असल्याची आठवण राहणं वेगळं. झोपलेला काय, प्यायलेला काय, स्वतःला हरवत नाही. फक्त मागे खूण राहत नाही."

हे मला इतकं स्पष्ट सांगितलं गेलं होतं. तरी मी जे केलं ते आता सांगतो.

त्या हिवाळ्यात चाचा कामावरच कोसळले. मेंदूत रक्तस्राव. अतिदक्षता विभागात त्यांच्या मॉनिटरची केबल बदलायला मीच गेलो. उशाशी त्यांची मुलगी सना बसली होती. इथेच जन्मलेली, विशीतली. ती रोज दुपारी येऊन त्यांच्याशी बोलायची. बसमध्ये काय झालं, अवोन्डेलच्या बाजारात मेथी कशी मिळाली, सगळं. इंग्रजीत, मध्येच एखादा मराठी शब्द.

तिने मला विचारलं, "अंकल, इज ही इन देअर?"

डॉक्टर 'आत्ताच सांगता येत नाही' एवढंच म्हणाले होते. मी डॉक्टर नव्हतो. मी स्क्रीनकडे पाहिलं, चाचांकडे नाही, आणि म्हणालो, "नाही गं बेटा. आत आता कोणी नाही. उगाच दमवू नकोस स्वतःला."

मला तिची दया आली होती, हे खरं. पण ज्याला कळतं तो माणूस मी व्हावं असंही मला वाटलं होतं. तेही तितकंच खरं.

सना येत राहिली, पण बोलायची थांबली. कानात गाणी लावून गप्प बसायची. अकरा दिवस. बाराव्या दिवशी चाचांनी डोळे उघडले.

ते घरी आल्यावर मी भेटायला गेलो. उजवी बाजू लुळी, उजव्या हाताची मूठ वळलेली. शब्द एकेक करून यायचे. सना कामावर होती. मी सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "चाचा, तुम्ही ऐकलंत का?"

"आठवत... नाही."

मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी तो पाहिला.

"बाद," ते म्हणाले. "आठवत नाही. म्हणजे... नव्हतो, असं नाही."

"मग होतात?"

"इशारा आहे. पुरावा... नाही." डाव्या हाताची बोटं किंचित पसरली. "सनाला सांगितलं?"

"नाही."

"तिला सांगा. माझं राहू दे. तिचे... अकरा दिवस गेले."

ती येईपर्यंत मी तिथेच थांबलो. ऐकून ती रडली नाही. "यू वर सो शुअर," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

दुसरा झटका आला तेव्हा तिनेच मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ती वडिलांच्या कानाशी बोलत होती. पाऊस, शेजाऱ्याची मांजर, बसचं नवं वेळापत्रक. मध्येच ती त्यांना मराठीत म्हणाली, "अब्बा, अंकल आलेत."

चाचांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. ती एकेक बोट हलकेच सोडवत होती आणि मधे रुमालाची घडी सरकवत होती, एकाला दुसरं लागू नये म्हणून.

मी स्क्रीनकडे पाठ केली आणि खुर्ची पुढे ओढली. "चाचा, मी," म्हणालो. मग तलावातला तो शनिवार त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो. पाणी किती गार होतं, तिथे येऊन थांबलो. इथे ते 'बाद' म्हणायचे. सनाने मान वर केली. "पुढे सांगा ना," ती म्हणाली. "ते ऐकत असतील."

मी पुढे सांगितलं.