एच नसलेलं नाशिक

कोर्टाबाहेर टाइप करून देणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. जुना कागद हातात घ्यायच्या आधी तो शर्टाला हात पुसतो आणि त्या कागदाला ‘आजोबा’ म्हणतो.

मुलीच्या परदेशी कॉलेजनं तिचा प्रवेश अडवला होता. जन्मदाखल्यावर नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एस’नंतर ‘एच’ नव्हता, पासपोर्टवर होता. ही दोन वेगळी गावं का, असं त्यांनी विचारलं होतं. प्रवेशाचं काम बघणारा एजंट म्हणाला, जन्मदाखलाच बदलून घ्या.

“आजोबांना हात लावायचा नाही,” टाइपिस्ट म्हणाला. “इंग्रजांनी त्यांच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. पुढे आपल्या उच्चाराशी जुळावं म्हणून सरकारी कागदांवर एच आला. म्हणून आधीचे कागद खोटे ठरत नाहीत, ताई.”

मग त्यानं दाखल्यावरची मराठी ओळ मुलीला मोठ्यानं वाचायला लावली. तिथे सरळ ‘नाशिक’ होतं. त्याच ओळीच्या आधारावर त्यानं प्रतिज्ञापत्र टाइप केलं: दोन्ही स्पेलिंग एकाच शहराची. नोटरीचा शिक्का बसला आणि कॉलेजनं ते मान्य केलं.

मुलगी परदेशी रवाना झाल्यावर दिंडोरीची द्राक्षं घेऊन मी त्याच्याकडे गेले. तो दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांवर वाकला होता.

“तिकडून तिनं पार्सल पाठवलं, तर पत्त्यात कुठलं नाशिक लिहू दे?” मी विचारलं.

“कुठलंही,” तो मान वर न करता म्हणाला. “पिनकोड तेवढा नीट टाकायला सांगा. घर काही हललेलं नाही.”