माघार नसलेला डाव

शेवगावच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. वर्तमानपत्रातलं बुद्धिबळाचं कोडं सोडवल्याशिवाय माझा चहा संपत नसे. दिवाळीच्या सुट्टीत भाचीने लॅपटॉपवर नवा खेळ लावून दिला. चार सैनिकांची तुकडी. आधी आपली पाळी, मग शत्रूची.

"आत्या, हे तुझ्या कोड्यांसारखंच आहे. फक्त इथे मेलेला सैनिक पुढच्या मोहिमेत परत येत नाही."

तिथेच माझा हात थांबला. कोड्यात वजीर मेला तरी उद्या नवं कोडं असतं. इथे प्रत्येकाला चेहरा होता, अनुभव वाढत होता.

पहिल्याच मोहिमेत पंच्याऐंशी टक्क्यांचा नेम चुकला आणि उलट गोळीत माझा एक जण पडला. खेळ मध्येच साठवून ठेवता येतो; मी ती जुनी नोंद उघडून तोच डाव परत खेळले. नेम परत चुकला. पाचदा तेच!

भाची हसली. "नशिबाचे आकडेही नोंदीत साठवलेले असतात. तीच चाल केलीस तर तोच निकाल. चाल बदल."

बदलली. बाँब आधी टाकला, कारण तो नेमावर अवलंबून नव्हता. त्याने शत्रूचा आडोसा फुटला, मग गोळी लागली. हे मात्र कोडंच होतं.

भाऊ डोकावून म्हणाला, "सोपा प्रकार लाव की. कुनी मरत न्हाई त्यात. या वयात कशाला लई ताप?"

मला राग आला. माझं वय काढलं म्हणून, आणि मी खरंच घाबरले होते म्हणूनही. मी नवा खेळ सुरू केला आणि मुद्दाम एकच नोंद ठेवणारा प्रकार निवडला. यात मागे फिरता येत नाही.

तिसऱ्या मोहिमेत एका कैद्याला गाडीपर्यंत न्यायचं होतं. गाडी निघण्याआधीची ही शेवटची पाळी होती. वाटेवर एक शत्रू दबा धरून बसलेला. जो पहिला हलेल त्याच्यावर तो गोळी झाडणार, पण एकदाच. बाँब संपले होते, आणि तो आडोशामागे असल्याने आमच्यापैकी कुणालाच त्याच्यावर नेम धरता येत नव्हता. मी अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसले. कुणीतरी आधी जायलाच हवं होतं. कैदी आणि तिघे नवखे आधीच जखमी होते, एका गोळीतच गेले असते. माझा सगळ्यात जुना सैनिकही जखमी होता, तरी वाचण्याची थोडी आशा फक्त त्यालाच होती. मी त्याला पाठवलं.

तो वाचला नाही. बाकीचे चौघे गाडीत पोचले.

माझे डोळे भरून आले. भाऊ म्हणाला, "बाहुल्यांसाठी रडतीस व्हय?"

"रडते," मी म्हणाले, "आणि खेळतेही. तू बाजूला हो, उजेड अडतोय."

गेलेल्या सैनिकाच्या जागी मी एक नवखी मुलगी भरती केली आणि चौथी मोहीम उघडली.