ब्युरेटचं शून्य आणि माझी उंची

एका हुशार मुलीला मी भर परीक्षेत चुकीचं ठरवलं, आणि तेही कशावरून, तर माझं रीडिंग बरोबर आहे या खात्रीवरून. माझी खात्री तेव्हा माझ्यापेक्षा बरीच उंच होती. मी होते चार फूट दहा इंच. बारावीला केमिस्ट्री शिकवायला नुकती लागलेली, केसांचा अंबाडा मुद्दाम वर बांधायचा, टाचेच्या चपला घालायच्या, आणि वर्गात पुण्याकडच्यासारखं बोलायचं. पहिल्याच दिवशी लॅबवाल्या मामांनी माझ्यासाठी लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं. मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली. मी स्टूल परत पाठवलं. "मला नको. मी काही पडदे लावायला आलेले नाही." माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात महागडा विनोद.

कॉलेज संग्रामपूर तालुक्यातलं, पत्र्याच्या लॅबचं. ओटे बांधणारा गवंडी बहुतेक पैलवान असावा, इतके ते उंच. त्या ओट्यावर स्टँड, स्टँडला ब्युरेट. ब्युरेट म्हणजे काचेची लांब, रेघांची नळी, खाली तोटी. तिची गंमत अशी की तिचं शून्य वर असतं आणि आकडे खाली वाढत जातात, कारण नळीत किती उरलं ते नाही, किती गेलं ते तिला सांगायचं असतं. तर हे शून्य माझ्या डोळ्यांच्या वीतभर वर, थेट अंबाड्याच्या शेंड्याशी.

त्या दिवशी बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा, खाली चंबूत ऑक्झॅलिक ॲसिड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. सोडा थेंब थेंब सोडायचा, फिक्कट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं, किती गेला ते वाचायचं. द्रावणं मीच बनवली होती, आणि ती उत्तम बनवली होती, हे आजही सांगते. ॲसिड वजन करून बीकरमध्ये विरघळवलं, नरसाळ्यातून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतलं, बीकर धुऊन ते पाणीही त्यातच, आणि मग फ्लास्कच्या मानेवरच्या एकुलत्या एका रेघेपर्यंत पाणी, शेवटचे थेंब ड्रॉपरनं. फ्लास्क ठेंगणा, त्याची रेघ बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. माझ्या नाकाखाली असलेली सगळी कामं मी चोख करत असे.

मग मी स्वतः टायट्रेशन करून रीडिंग घेतलं. मान वर करून शून्य लावलं, सोडा सोडला. पातळी उतरत उतरत माझ्या डोळ्यांसमोर आली आणि गुलाबी रंग धरला. चोवीस पूर्णांक सहा. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. हा आकडा परीक्षकांच्या हातात गेला. त्याच्या जवळ ज्याचं रीडिंग, त्याला मार्क.

परीक्षक खामगावकडून आलेले वयस्कर सर होते. चष्मा कपाळावर, बोलणं कमी. संध्याकाळी शेगावहून त्यांची गाडी होती, म्हणून सकाळपासूनच दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते.

बॅच सुरू झाली. एका पोरानं ॲसिड बीकरनं मोजायला घेतलं. मी धावले. "अरे, हे काय?"

"मॅडम, याच्यावर रेघा हायेत ना."

"त्या रेघा अंदाजाच्या! बीकर ओतायला, ढवळायला."

मग तो मेजरिंग सिलिंडर घेऊन आला, परातीऐवजी ताट आणल्यासारखा.

"हे बरं आहे, पण आज नको. सिलिंडर साधारण मापाला. जिथं अचूक पंचवीस मिली पाहिजे तिथं पिपेट."

"मंग आधीच पिपेट म्हनाचं ना मॅडम, दोन चकरा झाल्या."

तास संपता संपता सगळ्यांची रीडिंगं आली. चोवीस सहा. चोवीस सहा. चोवीस सहा. माझी छाती फुगली. काय शिकवते मी, काय हात तयार केलेत पोरांचे! ओळीनं अख्ख्या बॅचचं रीडिंग दशांशापर्यंत एक कसं येईल, हा प्रश्न माझ्या अंबाड्याखाली आलाच नाही. मामांनी दयाबुद्धीनं आकडा खिडकीतून कधीच वाटून टाकला होता, हे मला सोडून लॅबच्या पालीलाही ठाऊक होतं.

फक्त एकीचं वेगळं आलं. चोवीस पूर्णांक नऊ.

ही मुलगी वरवट बकालची. चांगली पाच फूट आठ इंच. वर्गात पाठ वाकवून बसायची, कारण घरच्या बायांनी तिच्या उंचीचा धसका घेतला होता. तिला फार्मसीच्या डिप्लोमाला जायचं होतं. तिच्या गावात औषधाचं दुकान नव्हतं आणि ते आपण काढायचं, असं तिनं मला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. प्रवेश मार्कांवर. तिची लेखी ठीकठाक, भरवसा सगळा प्रॅक्टिकलवर. इथं मार्क गेले की फार्मसी गेली, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"चुकलंय तुझं," मी म्हटलं. "सिलिंडरनं घेतलंस?"

"नाही मॅडम, पिपेटनं."

"मग पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून पाडला असशील. तो टोकात राहू द्यायचा असतो."

"राहू देल्ला."

"ब्युरेटच्या तोंडावर नरसाळं ठेवलं होतंस?"

"काढलं होतं."

माझे प्रश्न संपत आले तसा आवाज वाढला. "आणि सारखी वाकून काय बघत होतीस शेजारी? मी बघितलंय. नक्कल करत होतीस!"

ती लालबुंद झाली. "मॅडम, नक्कल केली असती तं माह्यं बी चोवीस सहाच नसतं का आलं?"

एवढा चोख युक्तिवाद समोर असताना मी काय करावं? मी वऱ्हाडीवर आले. "मले शिकवून राह्यली का वं तू?"

परीक्षकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. घड्याळ बघितलं, उसासा टाकला आणि तिला म्हणाले, "पोरी, माझ्यासमोर परत कर."

तिचं काम नीट चाललं होतं. ब्युरेट आधी थोड्या सोड्यानं धुतली, पिपेट ॲसिडनं. सोडा भरला, नरसाळं काढलं, तोटी झटकन उघडून टोकातला हवेचा बुडबुडा घालवला. पिपेटनं ॲसिड तोंडानं ओढलं. आता रबरी फुगा लावतात, तेव्हा आम्ही सगळेच ती आंबट जोखीम घ्यायचो. मग ब्युरेटमागे पांढरा कागद धरून शून्य लावलं. नळीत द्रावण सपाट नसतं, कडेला वर चढलेलं आणि मध्ये खोलगट असतं. त्या खोलगट भागाचा तळ रेघेवर टेकला पाहिजे. शून्य तिच्या डोळ्यांच्या रेषेत होतं, ती ताठ उभी राहिली. रंग आला तेव्हा पातळी बरीच खाली गेली होती. ती गुडघे वाकवून खाली झाली आणि डोळे पातळीसमोर आणून वाचलं.

"चोवीस नऊ, सर."

तर हे तिचं वाकणं. शेजाऱ्याकडे नाही, स्वतःच्या ब्युरेटकडे.

"आणि ब्युरेटमध्ये परमँगनेट असतं तर?" सरांनी विचारलं.

"मंग वरची कड वाचाची. गडद असते ते, मधला तळ दिसत नाही."

सरांनी माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हटलं, "मॅडम, आता तुम्ही."

मी गेले. पिपेट उत्तम, थेंब टोकातच. ब्युरेट भरली, मान वर केली, शून्य लावलं. "शून्य," मी जाहीर केलं.

सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग हाक मारली, "मामा, ते स्टूल आणा हो."

मामांनी स्टूल इतक्या लगबगीनं आणलं, की जणू पहिल्या दिवसापासून ते दाराआड घेऊनच उभे होते. अख्खी बॅच बघतेय, आणि मी साडीचा काठ सावरत पडदे लावायला चढले. डोळे शून्यासमोर आले. द्रावण शून्यावर नव्हतंच. शून्याच्या वर, तीन बारीक रेघांच्या अंतराइतकं होतं.

सगळं तिथंच उलगडलं. नळीच्या मध्यातला तो तळ खालून वर बघितला, की आहे त्यापेक्षा खालच्या रेघेवर दिसतो. मी शून्य म्हणत होते तेव्हा सोडा शून्याच्या वर असायचा. तो वरचा सोडाही चंबूत जायचा, पण मोजणीत यायचा नाही. शेवटचं रीडिंग मात्र माझ्या उंचीला जमणारं, म्हणून ते बरोबर. तीनदा केलं तरी तिन्ही वेळा मी तेवढीच बुटकी होते, म्हणून तिन्ही आकडे जुळले. आणि माझ्या बुटकेपणाचं उत्तर अख्ख्या बॅचनं जसंच्या तसं लिहिलं होतं.

स्टुलावरूनच मी परत केलं. शून्य डोळ्यांसमोर लावलं, रंग आल्यावर खाली उतरून वाचलं. चोवीस नऊ.

"बरोबर रीडिंग चोवीस नऊ," सर मोठ्यानं म्हणाले. मग बॅचकडे बघून अतिशय प्रेमळ हसले. "ज्यांचं ज्यांचं चोवीस सहा आलंय, ते सगळे परत करतील."

काय तो आक्रोश! मामा अचानक खिडक्यांच्या काचा पुसायला बाहेर गेले. सरांची गाडी अर्थातच गेली. त्या मुलीला पूर्ण मार्क मिळाले आणि पुढे तिनं दुकानही काढलं. माझ्या गुडघ्यांचं मलम तिच्याकडूनच येतं, आणि वरच्या फळीवरून ते काढायला तिला आजही स्टूल लागत नाही. माझी नात आता बारावीला आहे. ती मोबाईलनं ब्युरेटचा फोटो काढून रीडिंग वाचते, आणि मोबाईल खालून वर धरते. रक्ताचा गुण.

त्या संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर ती मुलगी दप्तर घ्यायला परत आली. मी त्याच स्टुलावर बसले होते, अंबाडा सुटलेला. तिची माफी मागायची तर पुण्याच्या भाषेत मागावी की वऱ्हाडीत, एवढंही ठरत नव्हतं. शेवटी म्हटलं, "चुकलं माह्यं, बाई."

तिनं दप्तर खांद्याला लावलं, समोर ब्युरेट नसतानाही पहिल्यांदाच पाठ ताठ करून उभी राहिली, आणि म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम. तुमी वर चढत जा, मी खाली वाकत जाईन. डोये त्या रेघेसमोर आले का झालं, मानूस केवढा हाय ते ब्युरेट कुठी पाह्यते!"