हिला काय काय येत नाही

आमच्या हिला स्वतःचं कौतुक करता येत नाही आणि मला दुसऱ्याचं. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ही नक्की किती हुशार आहे यावर आमच्या घरात कधी चर्चाच झाली नाही. ती झाली इस्पितळाच्या कृपेनं.

ही एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात काम करते. वॉर्डांतल्या चादरी, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे, डॉक्टरांचे कोट, सगळं हिच्या हाताखालून जातं. मळकं एका दारानं आत येणार, स्वच्छ दुसऱ्या दारानं बाहेर जाणार, आणि मधल्या दारातून कुणी उलटं आलं की ही असा काही आवाज लावते की मशीनं बंद पडल्यासारखी वाटतात. तिथे हिला 'कडक इस्त्री' म्हणतात. माझं कुलपं-किल्ल्यांचं दुकान इस्पितळाच्या समोरच आहे, तेव्हा ही पदवी मला रोज ऐकायला मिळते.

विभागाचे सुपरवायझर निवृत्त व्हायला निघाले आणि ती जागा भरायची ठरली. मागच्या खेपेला हिनं अर्ज केला होता, तेव्हा मुलाखतीत इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "तुमच्यात काय कमी आहे?" ही म्हणाली, "काही नाही साहेब, जरा राग येतो." झालं! जागा बाहेरच्या माणसाला गेली. घरी येऊन हिनं घागरभर पाणी डोळ्यांतून काढलं आणि वर मलाच म्हणाली, कांदा चिरत होते म्हणून. या वेळी हिनं आधीच सांगून टाकलं, "आता नाही झालं ना, तर पुन्हा अर्ज करायची नाही. कपडे धुवीन आणि गप्प बसेन." ही गप्प बसेल यावर माझा विश्वास नव्हता, पण मनातून मी टरकलो होतो.

या वेळी इस्पितळात ट्रेनिंगवाल्या मॅडम नव्यानं आल्या होत्या. त्यांनी अर्जदारांना सांगितलं, "मुलाखतीआधी स्वतःचे गुण आणि उणिवा लिहून मला दाखवा. त्यातून शेवटी मोजक्या ओळी निघायला हव्यात. या जागेला काय लागतं आणि त्यातलं तुम्हाला आज काय येत नाही, एवढंच."

ही कागद घेऊन टेबलाशी बसली. गुणांच्या बाजूला काही सुचेना. "आपल्याच तोंडानं काय लिहायचं? लाज वाटते बाई." शेवटी 'मेहनती' असं लिहिलं, आणि खाली 'दुसऱ्याचं चुकलेलं काम मी निस्तरते' असं. उणिवांच्या बाजूला मात्र घरच्यांनी मदत करायचं ठरवलं आणि मग काय विचारता!

"हट्टी लिही," मी म्हणालो.

"विसराळू," लेक म्हणाली. "परवा माझा डबा टेबलावरच राहिला."

वरच्या मजल्यावर माझी थोरली बहीण राहते, आक्का. ती साखर मागायला आली होती, साखर राहिली बाजूला, खुर्ची ओढून बसलीच. "मोठ्यानं बोलते. मला वर ऐकू येतं. तोडून बोलते. आणि दुसऱ्यानं केलेलं हिला पसंत पडत नाही." आम्हाला असा चेव आला की कागदाची पाठसुद्धा भरली. ही बिचारी मान खाली घालून लिहीत होती. मधेच मला म्हणाली, "अहो, एवढी वाईट आहे का हो मी?" तेव्हा कुठे माझी जीभ जाग्यावर आली. पण तोवर कागद भरला होता.

दुसऱ्या दिवशी नशिबानं धुलाई विभागातल्या स्वच्छ कपड्यांच्या कपाटाचं कुलूप अडकलं आणि मला बोलावणं आलं. मी कपाटाशी उकिडवा बसलो होतो. शेजारीच घड्या घालायच्या लांब टेबलाशी मॅडम हिचा कागद घेऊन बसल्या. माझे हात कुलपात आणि कान टेबलाकडे.

मॅडमनी कागद वाचला आणि हसू दाबलं. "ताई, ही कुणी सांगितलेली कुंडली आहे?"

"घरच्यांनी," ही म्हणाली. मी कपाटात आणखी आत शिरलो.

"विसराळू लिहिलंय. कामावर शेवटचं काय विसरलात?"

हिनं खूप आठवून पाहिलं. आठवेना. ऑपरेशनच्या खोलीचे किती संच वर गेले आणि किती खाली आले, हे हिला कुणीही कधीही विचारावं. मॅडमनी 'विसराळू'वर काट मारली. "मोठा आवाज? या मशीनांच्या घरघरीत हळू बोलून चालेल का?" त्यावर दुसरी काट. "हट्टी? कशात?" मळकं आणि स्वच्छ एका गाडीवर ठेवू देत नाही यात, असं निघालं. मॅडम म्हणाल्या, "हा तर गुणांत जायला हवा," आणि बाण काढून पलीकडे नेला. माझ्या सगळ्या मेहनतीवर बाईंनी पाणी फिरवलं.

मग त्यांनी सुपरवायझरच्या कामांचा कागद पुढे ठेवला. "आता स्वभाव सोडा. हे एकेक काम वाचा आणि सांगा, स्वतः करता, कुणाच्या मदतीनं करता की कधीच केलेलं नाही? आणि करता म्हणालात तर कधी केलं तेही सांगा." मशीनात कपडे किती भरायचे, रक्ताचे डाग आधी वेगळे कसे काढायचे, वॉर्डांची वाटणी, यांत ही फडाफडा बोलत गेली. दाखलेही दिले. मग गाडी अडकली. आठवड्याच्या ड्यूट्या लावणं? कधीच नाही, ते सुपरवायझर साहेबच लावायचे. साबण आणि जंतुनाशकाचा साठा कंप्युटरवर भरून पुढच्या महिन्याची मागणी काढणं? साहेब सांगतील ते आकडे ही वहीत लिहायची, कंप्युटरला हात लावला नव्हता. मॅडमनी दोन्हींपुढे खूण केली.

"एवढंच?" हिला बरं वाटलं.

"आपल्याला जे दिसत नाही ते शेजारच्याला दिसतं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी रोलरच्या इस्त्रीवरच्या मामांना हाक मारली. मामा हिच्याबरोबरचे जुने कामगार. "मामा, ताई उद्या तुमच्या सुपरवायझर झाल्या, तर कशात अडतील? चांगलं-वाईट नको. काय घडलंय ते सांगा."

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी कुलपाकडे पाहिलं.

"ताई काम चोख सांगतात," मामा म्हणाले. "पण माझी घडी वाकडी पडली ना, तर काही बोलत नाहीत. मी चहाला गेलो की गुपचूप उलगडून पुन्हा घालतात. तो नवा पोरगा रोज रोलरला चादर उलटी लावतो. ताई रोज सुलटी करतात. त्याला अजून कळलेलंच नाही की तो चुकतोय."

हिचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो मामा, मी तुमचा त्रास वाचवत होते!"

"ते खरंच आहे ताई. पण मग मी शिकणार कसा?"

मॅडमनी गुणांच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे हिनंच लिहिलेलं होतं, 'दुसऱ्याचं चुकलेलं काम मी निस्तरते.' बोट तिथेच राहू देऊन त्या म्हणाल्या, "कामगार म्हणून हा गुणच आहे, ताई. सुपरवायझर झालात की हाच अडेल. एकट्या किती जणांचं निस्तराल?"

हिनं तो कागद पुढे ओढला. म्हटलं आता ही तो फाडते. तर हिनं पेन उचललं आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहिल्या. सुट्ट्या आणि रजा धरून आठवड्याच्या ड्यूट्या लावता येत नाहीत. साठा कंप्युटरवर भरून पुढची मागणी काढता येत नाही. दुसऱ्याची चूक त्याला तोंडावर सांगून, त्याच्याच हातून दुरुस्त करून घेता येत नाही. मॅडमनी प्रत्येक ओळीपुढे कुणाकडून शिकणार, कधीपर्यंत, आणि शिकलात हे कोण बघून सांगणार, एवढं लिहून घेतलं. तिसरीच्या पुढे बघणारे म्हणून मामांचं नाव गेलं. मी कुलूप लावून निघालो. ते कधीच दुरुस्त झालं होतं.

पुढचे दिवस आमच्या घरानं काय सोसलं ते आमचं आम्हाला माहीत. ही निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या शेजारी बसून ड्यूट्या लावायला शिकली आणि सराव घरात केला. भांडी, झाडलोट, बाजार, सगळ्याच्या पाळ्या भिंतीवर लागल्या. आक्कालाही जिना झाडायची पाळी आली आणि तिनं साखर मागणं बंद केलं. लेकीनं हिला कंप्युटरचे तक्ते शिकवले. शिकवताना लेक वैतागायची. ही मात्र चिवटपणे तेच पुन्हा विचारायची. पहिल्या दोन ओळी हळूहळू जमल्या.

तिसरी काही केल्या जमेना. नवा पोरगा चादर उलटी लावायचा, हिचे हात शिवशिवायचे आणि तोंडाला कुलूप. एकदा बोलली तर इतकं जोरात की पोरगा रडवेला झाला आणि मग हिनंच त्याला बसवून त्याची चादर लावली. घरी येऊन कपाळाला हात. "नाही यायचं हो मला हे."

मुलाखतीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं, "तुमच्यात काय कमी आहे?" हिनं तीन ओळी सांगितल्या. दोन शिकले, म्हणाली, आणि आपण लावलेल्या ड्यूट्यांचा कागद नि काढलेली मागणी पुढे ठेवली. "तिसरं अजून पुरतं येत नाही. शिकतेय. मामांना विचारा." त्यांनी खरंच मामांना बोलावलं. मामा म्हणाले, "परवा त्यांनी मला तोंडावर सांगितलं की घडी वाकडी आहे. हात मागे बांधून उभ्या होत्या, पण घडी मलाच घालायला लावली."

जागा हिला मिळाली. सहा महिने बघून मग कायम. ही बातमी सांगताना हिला रडू आलं, आणि कांद्याचं नाव या वेळी कुणी काढलं नाही. मीही रडलो. का लपवू? मला माझ्या बायकोचा अभिमान वाटला आणि मी तो आक्कासमोर बोलूनही दाखवला.

त्याच संध्याकाळी माझी कपडे आवरायची पाळी होती. मी मोठी चादर घडी करून कपाटात ठेवायला गेलो, तर ही मागे उभी. हात मागे बांधलेले.

"अहो, कडा जुळल्या नाहीत. उलगडा आणि पुन्हा घाला."

माझं टाळकंच सटकलं. "इतकी वर्षं घालतोय, तेव्हा नाही बोललीस!"

"इतकी वर्षं तुम्ही दुकानात गेलात की मीच पुन्हा घालत होते."

मी थक्क होऊन कपाटाकडे पाहत राहिलो. म्हणजे या कपाटात माझ्या हातची एकही घडी कधी राहिलीच नव्हती. मी चादर उलगडली. कोपऱ्याला कोपरा धरला. पुन्हा चुकलं. ही हलली नाही, फक्त म्हणाली, "डावी कड." तिसऱ्यांदा कडा जुळल्या.

मी ती कपाटात ठेवली. हिनं दार लावलं आणि चहा टाकायला गेली. मी दुकानात जायचं निमित्त करून बाहेर पडलो, थोड्या वेळानं परत आलो आणि हळूच कपाट उघडून पाहिलं. चादर मी घातली होती तशीच होती.